गांबात्ते की गामान? अडचणीतल्या माणसाला कोणता शब्द द्यायचा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात जपानी शिकवते. त्याआधी काही वर्षं टोकियोच्या उत्तरेला एका वृद्ध-निवासात काळजीवाहक म्हणून काम केलं. आता माझ्या वर्गात तशाच कामासाठी जपानला निघालेली मुलंमुली असतात, आणि या दोन शब्दांबद्दल ती इतक्या वेळा विचारतात की एकदा नीट लिहून ठेवावं असं वाटलं. जपानी उच्चार देवनागरीत जमतील तितके जवळचे लिहिले आहेत.

या दोन शब्दांचा साधा अर्थ काय?

'गांबात्ते' म्हणजे नेट लाव, जोर लाव, सोडू नकोस. मूळ क्रियापद 'गांबारु'. समोर काहीतरी करण्यासारखं असतं, परीक्षा, शर्यत, मुलाखत किंवा चार पावलं चालणं, आणि ते करणाऱ्याच्या हातात थोडं तरी असतं. तिथे हा शब्द बसतो.

'गामान' म्हणजे कळ सोसणं. दुखतंय, भूक लागलीय, रडू येतंय, राग येतोय, पण ते आतच ठेवायचं. 'गामान शिते' म्हणजे आपलं 'जरा कळ काढ'. यात करण्यासारखं काही नसतं, फक्त थांबायचं आणि सोसायचं असतं. सोशीक माणसाला जपानीत 'गामान-झुयोइ' म्हणतात, म्हणजे गामान करण्यात बळकट.

शब्दकोशात दोन्हींपुढे 'चिकाटी', 'धीर' असे सारखेच शब्द दिसतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. मी वर्गात मुलांना एकच विचारायला सांगते : समोरच्याला आत्ता काही करायचंय, की काहीतरी सहन करायचंय?

'गांबात्ते' म्हणजे आपलं 'ऑल द बेस्ट'च ना?

वापराच्या जागा पुष्कळशा त्याच आहेत. दहावीच्या पेपराला निघालेल्या मुलाला आपण दारातून 'ऑल द बेस्ट' म्हणतो, तिथे जपानी आई 'गांबात्ते ने' म्हणते. फरक आत आहे. आपल्या शुभेच्छेत नशिबाचा वाटा असतो : पेपर सोपा जावो, गणपतीबाप्पा पाठीशी राहो. 'गांबात्ते'त नशीब नाही. सगळा भार करणाऱ्यावर आहे. हा शब्द उभारी देतो तसाच ओझंही टाकतो, आणि पुढच्या बहुतेक प्रश्नांची मुळं याच गोष्टीत आहेत.

'गांबात्ते', 'गांबारे', 'गांबारिमाशो', 'गांबात्ता ने' : कोणतं रूप कुणाला?

हा प्रश्न व्याकरणाचा वाटतो, पण उत्तर नात्यागोत्याचं आहे.

'गांबारे' ही सरळ आज्ञा आहे. मैदानाच्या कडेला उभं राहून ओरडायची. 1936च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये माएहाता हिदेको ही जलतरणपटू 200 मीटर ब्रेस्टस्ट्रोकच्या अंतिम फेरीत पोहत होती. चार वर्षांपूर्वी लॉस एंजेलिसला तिचं सुवर्णपदक सेकंदाच्या दहाव्या भागाने हुकलं होतं. रेडिओवर वर्णन करणारे कासाइ सान्सेइ शेवटच्या टप्प्यात वर्णन करायचंच विसरले आणि 'माएहाता गांबारे! माएहाता गांबारे!' असं वीसहून जास्त वेळा ओरडत राहिले. ती जिंकली. जपानी माणसाच्या कानात 'गांबारे' आजही असाच वाजतो : धावणारा पुढे, ओरडणारा कडेला.

'गांबात्ते' त्याहून मऊ. मित्राला, धाकट्याला, सोबत काम करणाऱ्याला म्हणतात. मागे 'कुदासाइ' जोडलं की आदरार्थी होतं, पण वरिष्ठांना मात्र तेही म्हणू नये. साहेब महत्त्वाच्या बैठकीला निघालेत आणि तुम्ही 'गांबात्ते कुदासाइ' म्हणालात, तर व्याकरण बरोबर असूनही कानाला खटकतं. ज्याने वरून खाली पाहायचं त्याच्या तोंडचा शब्द तुम्ही खालून वर पाठवलात. तिथे 'ओओएन शितेइमास', म्हणजे 'आमचा पाठिंबा आहे', असं म्हणतात.

'गांबारिमाशो' आणि घरगुती 'गांबारो' यात 'आपण' आहे. आपण मिळून नेट लावू या. बोलणारा कडेला उभा नाही, तोही सोबत उतरलाय.

'गांबारिमास' स्वतःबद्दल. 'मी मन लावून करेन.' नव्या नोकरीत पहिल्या दिवशी हे म्हणायचंच असतं.

आणि शेवटी 'गांबात्ता ने', किंवा 'योकु गांबात्ता ने'. हा भूतकाळ आहे. 'किती केलंस गं तू.' यात पुढे काही मागणं नाही, जे झालं त्याची पावती आहे. थकून बसलेल्या माणसाला द्यायचं रूप हेच. जपानी शिकताना क्रियापदांचे काळ आपण मार्कांसाठी पाठ करतो, पण धीर देणं आणि दुखावणं यांतलं अंतर बहुतेक वेळा या एवढ्या काळाच्या बदलात असतं.

'गामान शिते' मोठ्या माणसाला म्हणता येतं का?

फारच क्वचित. हा शब्द कुणाच्या तोंडी येतो ते पाहिलं की कळतं. आई मुलाला म्हणते : रांगेत आहोत, गामान. थोरल्याला म्हणते, 'ओनिइचान दाकारा गामान शिनासाइ', म्हणजे 'तू दादा ना, मग सोस.' आपल्याकडच्या 'तू मोठी ना, तू समजून घे' हे ऐकत वाढलेल्या प्रत्येकाला या वाक्याचं वजन वेगळं सांगायला नको.

मोठी माणसं हा शब्द मुख्यतः स्वतःबद्दल वापरतात. 'नवा फोन घ्यायचा होता, पण या वर्षी गामान केलं.' किंवा तिसऱ्या माणसाबद्दल कौतुकाने : 'फार सोशीक बाई.' समोरच्या बरोबरीच्या माणसाला 'गामान कर' म्हणणं म्हणजे त्याचं दुखणं मान्य आहे, पण त्याबद्दल आपण काही करणार नाही, असं सांगणं. नर्स इंजेक्शन देताना 'चोत्तो गामान शिते कुदासाइ ने' म्हणते ते चालतं, कारण ते तीन सेकंदांचं आहे आणि सुई तिच्याच हातात आहे. शेवट दिसत असला की गामान मागता येतं. शेवट दिसत नसेल तेव्हा मागू नये.

'गामान' शब्द संस्कृताशी जोडलेला आहे हे खरं का?

खरं आहे, आणि मराठी वाचकाला हे जाणून आनंद होईल. हा शब्द बौद्ध ग्रंथांतून आला. त्यात दोन अक्षरं आहेत : 'गा' म्हणजे मी, 'मान' म्हणजे गर्व. बौद्ध अभिधर्मात सात प्रकारचे 'मान' सांगितले आहेत. त्यांतला एक 'अस्मिमान' : 'मी आहे' याचा अहंकार. त्याचं चिनी भाषांतर जपानमध्ये 'गामान' म्हणून वाचलं गेलं. त्याच यादीत 'अभिमान'ही आहे. म्हणजे आपला 'मान', 'अभिमान', 'अस्मिता' आणि जपानी 'गामान' हे एकाच घरातले.

मूळ अर्थ दोषाचाच होता : स्वतःला मोठं समजणं. पुढे तो हट्टीपणाकडे सरकला, आणि हट्टी माणूस 'मला काही होत नाही' म्हणून दातओठ खात उभा राहतो तिथून सोसण्याच्या अर्थाकडे आला. जुना अर्थ पुरता पुसलेला नाही. 'यासेगामान' हा शब्द आजही रोजच्या वापरात आहे. 'यासे' म्हणजे रोडकं. अंगात ताकद नसताना केवळ मान खाली जाऊ नये म्हणून केलेलं सोसणं. थंडीने कुडकुडत 'छे, मला नाही वाजत थंडी' म्हणणारा यासेगामान करत असतो.

'गांबारु'चीही गोष्ट तशीच आहे. तो ज्या अक्षरांनी लिहितात त्यांचा अर्थ 'हट्टी' आणि 'ताणणे' असा होतो. ती अक्षरं उच्चार जुळवण्यासाठी नंतर लावलेली आहेत. पण प्रचलित व्युत्पत्तींपैकी एक 'गा नी हारु', म्हणजे आपलंच ताणून धरणं, अशी आहे. दोन्ही शब्द हट्टाच्या मातीतून उगवले आणि सद्गुण झाले.

एकाच माणसाला दोन्ही शब्द लागू होतात का? एखादं उदाहरण द्या.

हो, आणि एकाच दहा मिनिटांत. मी हे जिथे शिकले ती जागा म्हणजे आमच्या निवासातली व्यायामाची खोली.

चौऱ्याऐंशी वर्षांच्या एक आजी होत्या. (तिथे त्यांना 'आजी' म्हणून हाक मारायची नाही. आडनाव आणि पुढे 'सान', हाच मान.) पडून खुब्याचं हाड मोडलं होतं, शस्त्रक्रिया झाली होती, आणि आता कमरेएवढ्या उंचीच्या दोन समांतर दांड्यांना धरून चालायचा सराव सुरू होता. मी मागे चाकाची खुर्ची धरून उभी असे. फिजिओथेरपिस्ट तरुण मुलगा होता, त्यांच्या समोर उलटा चालायचा.

पहिली दोन पावलं झाली की तो म्हणे, 'आतो सान्पो, गांबारिमाशो.' अजून तीन पावलं, चला करू या. आकडा सांगायचा, आणि क्रियापदात 'आपण'. तीन म्हटलं की तीनच. चौथं पाऊल त्याने कधी उकळून घेतलं नाही. आणि तेवढ्यात, त्याच दमात : 'इताइ नो वा गामान शिनाइदे कुदासाइ ने.' दुखलं तर सोसू नका हं.

मला सुरुवातीला हे परस्परविरोधी वाटायचं. एकीकडे जोर लावा, दुसरीकडे सोसू नका? मग कळलं की तो दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतोय. पाय टाकणं त्यांच्या हातात आहे, तिथे गांबारु. वेदना ही त्याच्यासाठी माहिती आहे. ती आजींनी दडवली तर सांधा चुकीचा भार घेतोय का, हे त्याला कळणारच नाही, म्हणून तिथे गामान नको.

पण त्या पिढीला हे सोपं नसतं. दुखतंय का विचारलं की आजी पटकन 'दाइजोबु' म्हणत, ठीक आहे. तो मुलगा त्या उत्तराकडे लक्षच देत नसे, हातांकडे बघे. दांडा धरलेली बोटं पांढरी पडली आहेत का, श्वास रोखून धरलाय का, उत्तर प्रश्न संपायच्या आत येतंय का. यासेगामान असं ओळखायचं. मग तो प्रश्न बदलायचा. 'दुखतंय का?' याला 'नाही' म्हणणं सोपं. 'शून्य ते दहात किती दुखतंय?' याला आकडा द्यावा लागतो. आजी म्हणायच्या, 'तीन... नाही, पाच.' पाच म्हटलं की खुर्ची पुढे.

त्या बसल्या की तो गुडघ्यावर खाली बसून त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत येई आणि म्हणे, 'योकु गांबारिमाशिता.' छान केलंत. भूतकाळ. आजी रुमालाने कपाळ टिपत, आणि त्या दिवसाचा हिशेब तिथे पुरा होई.

काळजीवाहकाच्या प्रशिक्षणात 'गामान शिते कुदासाइ' म्हणायला मनाई का असते?

कारण त्याला कोंडणं समजतात. जपानमध्ये 2000 साली दीर्घकालीन काळजीचा विमा सुरू झाला तेव्हापासून वृद्धांना बांधून ठेवायला तत्त्वतः बंदी आहे. प्रशिक्षणात तीन 'लॉक' शिकवतात : पट्ट्याने किंवा कठड्याने अडवणं, औषधाने गुंगवणं, आणि तिसरा 'सुपीची रोक्कु', म्हणजे बोलण्याने जखडणं. 'थांबा जरा', 'उठू नका', 'कळ काढा' ही सगळी त्यात येतात. शब्द आदरार्थी असला तरी माणूस जागच्या जागी बांधला जातोच.

ही चूक मी स्वतः केली आहे. जेवणाची वेळ, हातात दोन ताटं, आणि एका बाईंना स्वच्छतागृहात जायचं होतं. मी अगदी गोड आवाजात 'गामान शिते कुदासाइ ने' म्हटलं. मराठीत मनातल्या मनात 'दोन मिनिटं कळ काढा हं आजी' असंच होतं ते. त्यांनी मान हलवली आणि गप्प बसल्या. पंधरा मिनिटांनी मी परत गेले तोवर उशीर झाला होता. त्या रडल्या नाहीत, तक्रार केली नाही, उलट माझीच माफी मागितली. त्या माफीचा आवाज अजून कानात आहे.

वरिष्ठ ताईंनी नंतर मला बाजूला घेऊन रागावण्याऐवजी वाक्य बदलून दिलं. 'ही दोन ताटं ठेवते आणि येते. पाच मिनिटं लागतील, चालेल का? नाहीतर दुसऱ्या कुणाला बोलावते.' कारण सांगायचं, वेळ सांगायची, आणि निवड समोरच्याकडे ठेवायची. मी आजही वर्गात पहिल्या आठवड्यात हे वाक्य जपानीत पाठ करून घेते.

नैराश्यात असलेल्याला 'गांबात्ते' म्हणू नये असं जपानी लोकच सांगतात. का?

कारण तो आधीच गांबारु करतोय. सकाळी अंथरुणातून उठणं हीच ज्याची सगळी ताकद खाते, त्याला 'जोर लाव' म्हटलं तर एवढंच ऐकू येतं : तू करतोयस ते कमी आहे. आणि हा आजार त्याला दिवसभर तेच सांगत असतो. त्यामुळे धीर देणाऱ्याचा आवाज आजाराच्या आवाजात मिसळून जातो.

या शब्दाचं ओझं किती होऊ शकतं ते सांगताना मला नेहमी त्सुबुराया कोकिचि आठवतो. 1964च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉनला तो दुसऱ्या क्रमांकाने स्टेडियममध्ये शिरला, आणि सगळ्या देशाच्या डोळ्यांसमोर ब्रिटनच्या धावपटूने त्याला शेवटच्या फेरीत मागे टाकलं. कांस्यपदक मिळालं. त्यानंतर सगळ्यांची नजर मेक्सिकोतल्या पुढच्या ऑलिम्पिकवर. दुखापतींनी शरीर साथ देत नव्हतं. जानेवारी 1968मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी त्याने आयुष्य संपवलं. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत घरच्या एकेकाचे, त्यांनी खाऊ घातलेल्या एकेका पदार्थाचे आभार मानले होते, आणि आई-वडिलांना सांगितलं होतं की आपण पार थकून गेलो आहोत, आता धावता येत नाही. त्याच्या मृत्यूला एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही. पण 'आता धावता येत नाही' हे बोलायला त्याला जिवंतपणी जागा मिळाली नाही, एवढं त्या ओळीतून दिसतं.

ही बंदी सरसकट मात्र नाही. बरं होत आलेल्या, स्वतःहून 'उद्यापासून अर्धा दिवस कामाला जातोय' असं सांगणाऱ्याला हलकंसं 'गांबात्ते ने' आवडूही शकतं. अंधाराच्या ऐन दिवसांत टाळावं. त्या वेळी जपानी माणसं 'मुरी शिनाइदे ने' (झेपेल तेवढंच कर), 'त्सुराकात्ता ने' (किती जड गेलं असेल), किंवा 'मो जूबुन गांबात्ता यो' (पुरेसं केलंयस तू) असं म्हणतात. आणि जीव नकोसा झाल्याचं कुणी बोलला, तर शब्द शोधत बसू नका. त्याच्याजवळ राहा आणि डॉक्टरांपर्यंत न्या.

मग भूकंपानंतर सगळीकडे 'गांबारो' कसं लिहिलेलं असतं?

तिथे पुन्हा क्रियापदाचं रूप पाहा, आणि लिहिणारा कोण ते पाहा.

17 जानेवारी 1995ला पहाटे कोबे शहर हादरलं. सहा हजारांवर माणसं गेली. त्या वर्षी तिथल्या ओरिक्स संघाचे बेसबॉल खेळाडू बाहीवर 'गांबारो कोबे' लिहून खेळले आणि आपल्या लीगमध्ये पहिले आले. संघ कोबेचाच होता, म्हणून त्या 'आपण'ला अर्थ होता. पण त्याच काळात बाहेरून येणाऱ्या 'गांबात्ते कुदासाइ'चा लोकांना वीटही आला. घर गेलं, माणसं गेली, रांगेत उभं राहून पाणी आणतोय, आणखी काय जोर लावू? मराठीत कुणी 'खंबीर राहा' म्हणून फोन ठेवून दिला की जे वाटतं, तेच.

11 मार्च 2011च्या त्सुनामीनंतर बरोबर एक महिन्याने इशिनोमाकी शहराच्या उद्ध्वस्त किनारी भागात 'गांबारो! इशिनोमाकी' असा मोठा फलक उभा राहिला. तो उभारणारा माणूस तिथलाच, त्याचंही सगळं पाण्यात गेलेलं. लोक तिथे फुलं ठेवू लागले. शेजारच्या फुकुशिमात हीच हाक बोलीभाषेत 'गांबाप्पे' अशी लागली, गावच्या माणसाने गावच्या माणसाला मारल्यासारखी. टोकियोतल्या माणसाने सुटाबुटात येऊन म्हटलेला 'गांबात्ते' आणि चिखलात उभ्या शेजाऱ्याने म्हटलेला 'गांबाप्पे' यांत शब्दाचं मूळ एकच आहे, उभं राहायची जागा वेगळी आहे.

आपत्तीत जपानी लोक किती शांत राहतात याचं जगभर कौतुक होतं. गामान हा गुण की दोष?

रांगा मोडत नाहीत, दुकानं लुटली जात नाहीत, उबदार पांघरूण आधी दुसऱ्याला दिलं जातं. याला गुणच म्हणायला हवं, मी ती माणसं जवळून पाहिली आहेत. पण निवारा शिबिरांत काम करणारे डॉक्टर याच गुणाला घाबरतात.

ते असं घडतं. शाळेच्या व्यायामशाळेत शेकडो माणसं झोपलेली, स्वच्छतागृहं थोडी, अंधारात आणि लांब. वयस्कर बाई विचार करते, रात्री उठलं तर चार जणांची झोपमोड होईल. म्हणून ती पाणीच कमी पिते. कमी पाणी, दिवसभर एका जागी बसणं किंवा गाडीत पाय मुडपून झोपणं, यांनी पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होते. ती सुटून फुप्फुसात गेली की जीव जातो. 2004च्या नीगाता भागातल्या भूकंपानंतर गाडीत झोपणाऱ्यांचे असे मृत्यू झाले आणि हा धोका सर्वांना कळला. 2016च्या कुमामोतो भूकंपात थेट गेलेले 50 होते, नंतरच्या हालांनी गेलेले 200हून अधिक. सगळेच गामानमुळे गेले असं नाही, आजार होते, थकवा होता. पण तेव्हापासून शिबिरांत मुद्दाम सांगितलं जातं : पाणी प्या, स्वच्छतागृहाचं गामान करू नका.

दुसरी बाजू अमेरिकेतली. 1942मध्ये तिथल्या सुमारे 1,20,000 जपानी वंशाच्या लोकांना घरादारातून उचलून दूरच्या छावण्यांत ठेवलं गेलं. तिथे आई-वडिलांच्या तोंडी 'गामान' होतं. भंगार लाकडातून खुर्च्या, सापडलेल्या शिंपल्यांतून दागिने त्यांनी घडवले, दिवस काढले. बाहेर आल्यावर कित्येकांनी मुलांसमोर छावणीचं नावही काढलं नाही. 1981च्या सरकारी सुनावण्यांत अनेक जण त्याबद्दल पहिल्यांदाच बोलले आणि रडले, आणि 1988मध्ये कायद्याने माफी आणि प्रत्येक हयात व्यक्तीला 20,000 डॉलर मिळाले. सोसण्याने ते जगले हे खरं. माफी मात्र बोलल्यानंतर मिळाली.

आजारी माणसाला आणि दुखवट्याला काय म्हणायचं?

दोन्ही शब्द बाजूला ठेवा. आजाऱ्याला 'ओदाइजी नी', तब्येतीला जपा. दुखवट्याला 'गोशूशोसामा देस', तेही हळू आवाजात, वाक्य जवळजवळ विरून जाऊ देत. मृत्यू झालेल्या घरी 'गांबात्ते' म्हणू नका.

मला कुणी 'गांबात्ते' म्हटलं तर?

'हाइ, गांबारिमास.' मनात थकवा असला तरी एवढं उत्तर रीत म्हणून द्यायचं. जवळच्या माणसाला मात्र खरं सांगता येतं : 'चोत्तो त्सुकारेमाशिता', जरा थकलेय. जपानमध्ये नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांना मी हे वाक्य आवर्जून शिकवते. पहिल्या हिवाळ्यात लागतं.

माझ्या जपानी सहकारी मैत्रिणीची आई दवाखान्यात आहे. ती नोकरी सांभाळून रोज तिथे जाते. मी 'गांबात्ते' लिहिलं तर तिचं उत्तर आलं नाही. आता काय लिहू?

घाबरू नका, तिला तुमचा हेतू कळला असेल. पण तिच्या बाजूने वाचा. ती सकाळी कामावर, संध्याकाळी आईजवळ, रात्री घरी धुणं. आईचं बरं होणं तिच्या हातात नाही. जे हातात आहे ते ती करतेच आहे. 'जोर लाव' याला ती काय उत्तर देणार? 'हो, लावते' एवढंच, आणि तेवढं लिहायचीही ताकद त्या रात्री नसेल.

'तुलाही गामान करावं लागत असेल' असंही लिहू नका. तिचं सोसणं तुम्ही नाव घेऊन दाखवलं तर तिला ते लपवायची आणखी एक जबाबदारी येईल.

आधी जे दिसतंय ते लिहा : 'माइनिची ओत्सुकारेसामा.' रोजचा शीण पोचतोय माझ्यापर्यंत, असा याचा भाव. मग उत्तराची सक्ती काढून टाका : 'हेंजी वा इरानाइ यो', उत्तर नको. आणि शेवटी एक ठोस गोष्ट, जिला 'हो' किंवा 'नाही' एवढंच म्हणता येईल. 'काही लागलं तर सांग' असं लिहिलं तर ती कधीच सांगणार नाही, तिथे पुन्हा गामान येईल. त्याऐवजी लिहा : 'गुरुवारी संध्याकाळी स्टेशनवर डबा आणून देऊ का? सात वाजता, पूर्वेच्या दाराशी. थांबायचं नाही, फक्त घे आणि जा.'

ती 'हो' म्हणाली तर डब्यात ओनिगिरी, म्हणजे भाताचे मुटके ठेवा, एका हाताने उभ्या उभ्या खाता येतात. आणि सात वाजता डबा देताना तोंडातून 'गांबात्ते' निसटायला लागलं, तर 'माता ने' म्हणा, पुन्हा भेटू.